दुधातील भेसळ: अन्न सुरक्षा अधिकारी परीक्षेत या चुका टाळा

कोल्हापुरात गंगावेशच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध मिळतं. समजा, अशाच दुधाचा नमुना प्रश्नात आला: फॅट ६ टक्के, घनता दाखवणाऱ्या लॅक्टोमीटरचं तापमानानुसार दुरुस्त वाचन २८. एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, किती टक्के?

२८ ला ४ ने भागून ७, फॅटच्या पाव पट १.५, अधिक ०.४४, उत्तर ८.९४. म्हशीच्या दुधाला किमान एसएनएफ ९ लागतं, म्हणजे नमुना कमी पडला. पण वाचन भागिले ४, अधिक ०.२२ गुणिले फॅट, अधिक ०.७२ हे दुसरं सूत्र वापरलं, तर तेच दूध ९.०४ वर पास होतं. म्हणून प्रश्नात दिलेलंच सूत्र वापरा. मानकाचा आकडाही प्रकारानुसार बदलतो, टोन्ड दुधाला फॅट ३ आणि एसएनएफ ८.५ पुरतं.

बरेच उमेदवार मात्र फक्त लॅक्टोमीटरवर विसंबतात. पाण्याने वाचन उतरतं, साय काढली की चढतं. दोन्ही एकदम केलं तर वाचन जागच्या जागी राहतं. साखर किंवा युरिया टाकूनही ते वर आणता येतं. म्हणून फॅट मोजल्याशिवाय वाचनाला अर्थ नाही.

युरियाच्या चाचणीत सगळ्यात जास्त घोटाळा होतो. दूध आणि डीएमएबी या रसायनाचं १.६ टक्के द्रावण सारख्या मापाने घेतलं की शुद्ध दुधातही फिकट पिवळा रंग येतो, कारण दुधात मुळात थोडा युरिया असतोच. भेसळीत तो ठळक पिवळा होतो. शेजारी शुद्ध दुधाची नळी ठेवल्याशिवाय हा फरक ठरवू नका. स्टार्चची चूक वेगळी: दूध उकळून थंड न करता आयोडीन टाकलं, तर निळा रंग उष्णतेने नाहीसा होतो आणि भेसळ असूनही नमुना स्वच्छ वाटतो.

आता अन्न सुरक्षा आणि मानके कायदा. एसएनएफ कमी, बाकी घातक काही नाही, असं दूध 'कमी दर्जाचं' ठरतं. कलम ५१, दंड ५ लाख रुपयांपर्यंत. युरिया किंवा डिटर्जंट मिसळलेलं दूध 'असुरक्षित'. तिथे कलम ५९ आणि तुरुंगवास. कोणालाही इजा झाली नसेल, तर पूर्वी ६ महिन्यांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होता. जनविश्वास कायदा २०२३ ने तो ३ महिने आणि ३ लाख केला. जुनी पुस्तकं अजून पहिलाच आकडा देतात.

आणखी एक फसवा प्रश्न फॉर्मेलिनचा. विक्रेत्याने टाकलं तर भेसळ. पण दुधाचा नमुना घेताना टिकण्यासाठी अधिकारी स्वतः दर २५ मिलीला दोन थेंब टाकतात. म्हणजे ५०० मिलीचे चार समान भाग केले, तर १२५ मिलीच्या प्रत्येक बाटलीत दहा थेंब. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो आणि कारवाईचा आधार त्यांचा अहवाल असतो, जागेवर आलेला रंग नव्हे.