मांजरीच्या खाण्याची पिशवी किती मोठी घ्यावी?

मोठी पिशवी किलोमागे स्वस्त पडते, पण कोरडं खाणं फोडल्यावर त्यातलं तेल हळूहळू खवट होतं. म्हणून फोडलेली पिशवी महिना-दीड महिन्यात संपेल एवढीच घ्या.

समजा, मांजर रोज 60 ग्रॅम खाते. 7 किलोची पिशवी जवळजवळ चार महिने पुरेल, म्हणजे फारच लांबली. दीड किलोची 25 दिवसांत संपते, ती बरोबर. साइटवर तीन किंवा चार आठवड्यांचीच आपोआप ऑर्डर असेल तर तीनची निवडा. दर खेपेला चार दिवसांचं खाणं उरतं, म्हणून साधारण सहा खेपांनंतर एक ऑर्डर वगळा. चार आठवड्यांची ठेवलीत तर शेवटचे तीन दिवस वाटी रिकामी, आणि घाईत आणलेल्या वेगळ्या खाण्याने पोट बिघडतं.

पार्सल आल्याआल्या, पिशवी फोडण्याआधी मुदतीची तारीख बघा. भरघोस सवलतीच्या मालाची तर नक्कीच. वर्षाच्या आतलं पिल्लू असेल तर पाकिटावर पिल्लांसाठी किंवा सर्व वयांसाठी असं लिहिलेलं हवं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे पहिली दोन-तीन नावं वाचाच. आमची मांजर वास घेऊन मागे सरते, तेव्हा मी आधी पिशवी हुंगते.