लेन्स घालून लांबच्या फ्लाइटला निघताय? आधी डबी!

सगळ्यात आधी लेन्सची रिकामी डबी केबिन बॅगेत टाका, मग पुढचं वाचा. लेन्स डोळ्यात असतात तेव्हा डबी धुऊन बेसिनपाशी टिश्यूवर उलटी वाळत पडलेली असते, म्हणून नेमकी तीच राहते. माझी राहिली. मुंबई-लंडन रात्रीची फ्लाइट, चष्मा जवळ, सोल्यूशन जवळ आणि लेन्स काढून ठेवणार कशात? तशीच झोपले, उतरताना डोळे लालभडक आणि लेन्स बुबुळाला चिकटलेल्या. तेव्हा एक जास्तीची डबी कायमची केबिन बॅगेत ठेवा, सोल्यूशनच्या बाटलीबरोबर बऱ्याचदा एक फुकट येतेच. परॉक्साइडवालं सोल्यूशन वापरत असाल तर त्याचीच खास डबी हवी, साध्या डबीत ते निष्प्रभ होत नाही आणि ती लेन्स डोळ्यात घातली तर आग आग होते.

सोल्यूशन. केबिन बॅगेत बहुतेक विमानतळांवर 100 मिलीपर्यंतचीच बाटली, आणि बघतात ती बाटलीवर छापलेली साइज, आत किती उरलंय ते नाही, त्यामुळे मोठ्या बाटलीत तळाशी चमचाभर असलं तरी ती काढून ठेवतील. 60 मिलीची सीलबंद छोटी बाटली मिळते ती घ्या, मोठी चेक-इनमध्ये. घरच्या बाटलीतून शाम्पूच्या छोट्या बाटलीत ओतून नेऊ नका हो, ते निर्जंतुक राहत नाही. आणि सलाइन म्हणजे सोल्यूशन नव्हे, त्याने लेन्स फक्त धुतल्या जातात, जंतू मरत नाहीत. डबी नाही म्हणून पाण्याच्या ग्लासात लेन्स ठेवायचा विचारही नको, नळाच्या पाण्यात अकँथअमिबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो आणि तो बुबुळात शिरला तर महिनोन्महिने उपचार.

चष्मा केबिन बॅगेत, चालू नंबरचा, कडक केसमध्ये. खरं तर विमानात बसतानाच चष्मा लावा, केबिनची हवा इतकी कोरडी असते की लेन्स सुकून टोचायला लागतात. लेन्स घालूनच बसणार असाल तर लेन्सवर चालणारे ड्रॉप्स ठेवा आणि झोपायच्या आधी लेन्स काढा, कशात ते आता सांगायला नको.

प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाइलमध्ये, पण लेन्सचं वेगळं, चष्म्याचं चालत नाही. चष्म्याचा नंबर -5.50 असेल तर लेन्सचा साधारण -5.25 येतो, शिवाय बेस कर्व्ह म्हणजे लेन्सची वक्रता आणि डायमीटर लागतात.

लेन्सची जास्तीची जोडी, साबण, वगैरे तुम्हाला माहीत आहे.

इमर्जन्सी. लेन्स चिकटली तर ओढू नका, ड्रॉप्स घाला, थोडा वेळ थांबा, मग काढा. काढल्यावरही डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय, तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर, केमिस्टकडून स्टेरॉइडचे ड्रॉप्स आणून घालणं नाही. काढलेली लेन्स फेकू नका, डबीसकट घेऊन जा, जंतू कुठला ते तपासायला उपयोगी पडते.