शाबासकीच्या मेसेजमध्ये आकडा किती आणि कुठे

टीम लीड झाल्यावर कौतुकाचा मेसेज लिहायची पाळी लवकरच येते, आणि नवखा माणूस बहुधा दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर 'मस्त काम केलंत, असंच चालू ठेवा', जे कोणत्याही टीमला कधीही पाठवता येतं. नाहीतर डॅशबोर्ड उघडून सगळे आकडे एकाखाली एक उतरवणं. दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहितो, कारण त्यात मेहनत दिसते आणि तरीही वाचणाऱ्याला आपलं कौतुक झाल्यासारखं वाटत नाही.

सपोर्ट टीममधलं उदाहरण घेतो. आकडे सोपे करून देतोय. पहिला मसुदा असा होता: 'या तिमाहीत फर्स्ट रिस्पॉन्स टाइम ५६ टक्क्यांनी घटला, बॅकलॉग २४० वरून ६० वर आला, ग्राहकांचं रेटिंग ३.९ वरून ४.३ झालं. सर्वांचं अभिनंदन.' एकही आकडा खोटा नाही. पण यात माणूस कुठेच नाही. टाइम घटला, बॅकलॉग आला, रेटिंग झालं. सगळं आपोआप घडल्यासारखं.

मग प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारायचा: हा कोणी, काय करून हलवला? बॅकलॉगचं उत्तर निघालं की बरीचशी तिकिटं डुप्लिकेट होती आणि नव्या सेटिंगमुळे ती एकगठ्ठा बंद झाली. हे टीमला पक्कं ठाऊक असतं. न केलेल्या कामाची शाबासकी दिली की बाकीच्या मेसेजवरचाही विश्वास उडतो, म्हणून तो आकडा गेला. रेटिंग मोजक्याच ग्राहकांनी दिलं होतं, तेवढ्यावर ३.९ आणि ४.३ मधल्या फरकाला फारसा अर्थ नाही. तोही गेला.

राहिला पहिल्या उत्तराचा वेळ. तिथे मात्र खरी गोष्ट होती. रात्री आलेली तिकिटं सकाळची पाळी पहिल्यापासून वाचत बसायची. रात्रपाळीने स्वतःहून प्रत्येक उघड्या तिकिटाखाली एक ओळ लिहायला सुरुवात केली: काय तपासलं, आता काय बाकी आहे. सकाळचा वेळ तिथे वाचला. तरी खात्री म्हणून दोन्ही तिमाहींत रात्री आलेल्या तिकिटांची संख्या ताडून पाहिली. तिकिटंच कमी आली असती तर वेळ आपसूकच घटला असता, आणि श्रेय चुकीच्या जागी गेलं असतं. संख्या जवळपास सारखीच निघाली.

शेवटी गेलेला मेसेज असा:

'रात्रपाळी, तिकिटाखाली एक ओळ लिहून ठेवायची तुमची सवय सकाळच्या पाळीला फार उपयोगी पडतेय. रात्री तक्रार करणाऱ्या ग्राहकाला पहिलं उत्तर मिळायला पूर्वी नऊएक तास लागायचे, आता चार लागतात. म्हणजे तो कामाला बसतो तेव्हा आपलं उत्तर आलेलं असतं. हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.'

आकड्यांची एकच जोडी आहे, आणि ती कृतीनंतर येते. टक्केवारी काढली, कारण ५६ टक्के ऐकून डोळ्यांसमोर काही येत नाही. नऊचे चार तास झाले म्हटलं की लगेच कळतं. 'नऊएक' चालतं, इथे दशांश कोणाला हवाय? पाठवण्याआधी मी आकडे झाकून मेसेज वाचतो. कोणी काय केलं हे तरीही कळत असेल तर ठीक. आकड्यांशिवाय वाक्यात काहीच उरत नसेल तर तो अहवाल आहे.

एका ठिकाणी मात्र मी आकडा अजिबात घालत नाही: व्यक्तीगणिक बंद केलेली तिकिटं. सगळ्यात किचकट, चिडलेल्या ग्राहकांची तिकिटं टीममध्ये बहुतेकदा एखाद्याच अनुभवी माणसाकडे जातात, आणि म्हणून त्याची संख्या सगळ्यात कमी दिसते. यादी लावली की तो तळाला जातो, आणि पुढच्या महिन्यात लोक सोपी तिकिटं आधी उचलू लागतात. अशा माणसासाठी एखादं नेमकं तिकीट आठवून लिहावं: 'बिलिंगच्या त्या प्रकरणात तुम्ही ग्राहकाला रोज संध्याकाळी स्वतः फोन करून स्थिती सांगत होतात, म्हणून तो टिकला.' आकडा नाही, पण हे वाक्य दुसऱ्या कोणाला चिकटवता येणार नाही. काय लिहावं हे सुचत नसेल तर शेजारी बसणाऱ्याला विचारा. डॅशबोर्डपेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

वरिष्ठांना सगळे आकडे हवेच असतात. ते वेगळ्या मेलने पाठवा. एकाच मेसेजमध्ये दोघांना सांभाळायला गेलं की भाषा हळूहळू वरिष्ठांसाठी वळते, आणि टीमला ते पहिल्याच ओळीत कळतं.