पापणीची फडफड थांबतच नाहीये? सुरुवात संध्याकाळच्या कॉफीपासून करा

आधी आरशात बघा. एकाच डोळ्याची पापणी, बहुतेक वेळा खालची, बारीक थरथरते, काही सेकंदांनी थांबते आणि परत सुरू होते, पण नजर स्वच्छ आहे, तर ही बहुधा पापणीच्या स्नायूची साधी फडफड आहे आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. पण डोळा आपोआप पूर्ण मिटत असेल, गाल किंवा ओठाचा कोपराही ओढला जात असेल, पापणी खाली लोंबत असेल किंवा डोळा लाल होऊन दुखत असेल, तर घरी प्रयोग नकोत, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

आता कॉफी. "कॉफी बंद करा" असा सल्ला सगळेच देतात आणि मला याचाच राग येतो, कारण रोज तीन-चार कप पिणाऱ्याने एकदम बंद केली की दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकतं की माणूस संध्याकाळी परत कप हातात घेतो, मलाही हीच पायरी सगळ्यात जड गेली. खरी गोम टायमिंगमध्ये आहे. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या कपातलं निम्मं कॅफिन रात्री अकराला अजून अंगात असतं, झोप लागली तरी कच्ची लागते, सकाळी थकवा, मग तो घालवायला आणखी एक कप, आणि पापणीला कमी झोप अन् जास्त कॅफिन दोन्ही एकदम भोवतात.

म्हणून समजा तुमचे कप सकाळी आठ, अकरा, दुपारी तीन आणि संध्याकाळी सहाला असतात, तर आधी फक्त सहाचा काढा. सकाळचे अजिबात हलवू नका. दोन-तीन दिवसांनी तीनचा अर्धा करा, आणखी दोन-तीन दिवसांनी तोही बंद. चहा, कोला, एनर्जी ड्रिंक यातही कॅफिन असतं, कॉफी सोडून त्याच वेळेला चहा घेतला तर फार काही साधत नाही. डोकं जड झालं तर एक पायरी मागे या, पण संध्याकाळचा कप परत आणू नका.

झोप: रोज एकाच वेळेला, सात तास तरी.

ताण एका दिवसात जात नाही हे मान्य, पण कामाचा ताण असला की आपण जागतो आणि कॉफी वाढवतो, तेवढं तरी आपल्या हातात आहे.

डोळे चुरचुरत असतील, वाळू गेल्यासारखं वाटत असेल, तर कोरडेपणाही बघा. स्क्रीनवर आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून मधूनमधून लांब बघा, मुद्दाम पूर्ण मिटा, आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स घाला. लाली घालवणारे ड्रॉप्स मात्र घेऊ नका, ते कोरडेपणावर नसतात आणि सतत वापरले की लाली उलट वाढते.

फडफड लगेच थांबणार नाही, काही दिवस तर कधी दोन-तीन आठवडेही लागतात, आधी दिवसातले झटके कमी होतात. त्यानंतरही तशीच राहिली तर तपासून घ्या.