हॉल व्होल्टेजवरून अर्धवाहक एन-टाइप की पी-टाइप, हे न चुकता कसे ठरवावे

अर्धवाहकाच्या पातळ चकतीतून लांबीच्या दिशेने करंट सोडला आणि चकतीच्या पृष्ठभागाला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले, की चकतीच्या दोन बाजूच्या कडांमध्ये आडवे व्होल्टेज उभे राहते. एडविन हॉलने १८७९ साली सोन्याच्या वर्खावर हे पहिल्यांदा दाखवले, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. या व्होल्टेजच्या आकड्यावरून वाहक किती आहेत ते कळते आणि त्याच्या चिन्हावरून वाहक कोण आहेत ते, म्हणजे ऋण इलेक्ट्रॉन की धन होल. आकडा थोडाफार चुकला तरी निभावते. चिन्ह चुकले तर अख्खा निष्कर्ष उलटा होतो, आणि नेमके तेच चुकण्याचे प्रमाण सर्वांत जास्त आहे. म्हणून हा लेख चिन्हाबद्दल आहे.

चकतीला चार तारा जोडा. दोन लांबीच्या टोकांना, करंटसाठी. दोन समोरासमोरच्या कडांच्या मध्यावर, व्होल्टेजसाठी. करंट स्थिर-प्रवाह पुरवठ्यातून द्या आणि व्होल्टेज मिलिव्होल्टमीटरवर वाचा. चकतीवर उजेड पडू देऊ नका, कारण उजेडाने नवे वाहक तयार होतात. एवढी मांडणी कोणालाही जमते.

आता दिशा. चकती टेबलावर आडवी ठेवली आहे, करंट डावीकडून उजवीकडे जातो आहे आणि चुंबकीय क्षेत्र टेबलातून वर, तुमच्याकडे येते आहे, असे धरा. वाहकांवरचे बल अशा वेळी चकतीच्या जवळच्या कडेकडे, म्हणजे तुमच्या पोटाच्या बाजूला असते. हे बल इलेक्ट्रॉनवरही त्याच कडेकडे असते आणि होलवरही. इलेक्ट्रॉनचा प्रभार ऋण, पण तो करंटच्या उलट दिशेने पळतो. दोन उलट गोष्टी मिळून बल तेच राहते. म्हणून ‘इलेक्ट्रॉनसाठी डावा हात, होलसाठी उजवा’ हा सल्ला सोडून द्या. मीटरवर जो करंट दिसतो त्याचीच दिशा धरा आणि नेहमी उजवाच हात वापरा: बोटे करंटच्या दिशेने ठेवून क्षेत्राच्या दिशेने वळवा, अंगठा वाहक साचणारी कड दाखवेल. ती कड ऋण झाली असेल तर तिथे इलेक्ट्रॉन साचले आहेत, चकती एन-टाइप. धन झाली असेल तर होल साचले आहेत, पी-टाइप. मीटरची लाल तार जवळच्या कडेला, काळी लांबच्या कडेला जोडा, म्हणजे वरील दिशांना धन वाचन पी-टाइप सांगेल आणि ऋण वाचन एन-टाइप.

क्षेत्राची दिशा चुंबकावरच्या रंगावरून ठरवू नका. होकायंत्र घ्या, त्याचे उत्तरेकडे जाणारे टोक क्षेत्राच्या दिशेने वळते. इथे मी एकदा चांगलाच फसलो होतो. विद्युतचुंबकाचा करंट पूर्ण चढवलेला असताना मी होकायंत्र ध्रुवांच्या फटीत नेले. इतक्या जोरदार क्षेत्रात सुई वळण्याआधीच तिचे स्वतःचे चुंबकत्व उलटे होऊ शकते, आणि तसेच झाले. त्यानंतर ओळखीची एन-टाइप चकतीही मला दिवसभर पी-टाइप दिसत राहिली. म्हणून होकायंत्र वापरायचे ते चुंबकाचा करंट अगदी कमी ठेवून, थोड्या अंतरावर, आणि वापरून झाल्यावर ते मोकळ्या जागी नेऊन उत्तर अजून बरोबर दाखवते का ते पाहायचे.

इथवर सगळे बरोबर केले तरी मीटरवरचे पहिले वाचन जवळजवळ नक्की खोटे असते. माझा सर्वांत जास्त वेळ याच टप्प्याने खाल्ला.

बाजूचे दोन संपर्क एकमेकांच्या अगदी समोर कधीच बसत नाहीत. एक दुसऱ्यापेक्षा किंचित पुढे किंवा मागे असतोच. चकतीच्या लांबीत करंटमुळे व्होल्टेज हळूहळू उतरत जाते, आणि संपर्क जितके सरकलेले असतील तितका त्या उताराचा तुकडा तुमच्या हॉल व्होल्टेजमध्ये मिसळतो. हा तुकडा किती मोठा असतो ते आकड्यांनीच पाहू. पी-टाइप जर्मेनियमची चकती घ्या, ५ मिलिमीटर रुंद, ०.५ मिलिमीटर जाड, रोधकता सुमारे ३.३ ओहम-सेंटिमीटर. करंट ५ मिलिअँपिअर. या चकतीत लांबीच्या प्रत्येक मिलिमीटरला सुमारे ६६ मिलिव्होल्ट उतार पडतो. संपर्क ०.४ मिलिमीटर सरकलेले असतील, जे डोळ्यांना नीट दिसतही नाही, तर २६ मिलिव्होल्टची भेसळ होते. आणि ०.३ टेस्ला क्षेत्रात खरे हॉल व्होल्टेज फक्त १८.७ मिलिव्होल्ट आहे. भेसळ मालापेक्षा जास्त! ती उलट चिन्हाची असेल तर मीटर पी-टाइप चकतीला बिनदिक्कत एन-टाइप ठरवेल.

बऱ्याच प्रयोगसंचांवर ‘झिरो’ची गुंडी असते आणि सूचना असते की चुंबक बंद करून वाचन शून्यावर आणा, मग क्षेत्र लावा. चिन्ह ठरवण्यासाठी या गुंडीवर विसंबू नका. एक तर विद्युतचुंबक बंद केला तरी लोखंडात थोडे क्षेत्र उरते, त्यामुळे तुमचे शून्य शून्य नसते. दुसरे, क्षेत्र लावल्यावर चकतीचा रोधच थोडा वाढतो आणि त्याबरोबर भेसळही बदलते. शून्यावर आणलेली भेसळ क्षेत्रात पुन्हा डोके वर काढते.

खरा उपाय क्षेत्र उलटे करण्याचा. क्षेत्र उलटले की हॉल व्होल्टेज उलटते, भेसळ मात्र जशीच्या तशी राहते, कारण ती सुलट्या-उलट्या क्षेत्रात फरक करत नाही. रोध वाढल्यामुळे आलेला भागही दोन्ही दिशांना सारखाच असतो. दोन वाचनांची वजाबाकी करून निम्मे घेतले की उरते ते हॉल व्होल्टेज. त्याशिवाय संपर्कांच्या तापमानातल्या फरकामुळे एक छोटे व्होल्टेज नेहमीच बसलेले असते. ते वेगळे ओळखायला करंटही उलटा करून पाहावा. म्हणून चार वाचने घ्यायची. वरच्या चकतीत भेसळ ऋण २६.० आणि तापमानाचा भाग ०.६ मिलिव्होल्ट असेल, तर ती अशी दिसतील:

```
V1 (+I, +B) =  -6.7 mV
V2 (+I, -B) = -44.1 mV
V3 (-I, +B) =  +7.9 mV
V4 (-I, -B) = +45.3 mV

V_H = (V1 - V2 - V3 + V4) / 4 = +18.7 mV
```

पहिले वाचन पुन्हा पाहा: −६.७. तिथेच थांबलेला माणूस एन-टाइप लिहून मोकळा होतो. आणि फक्त करंट उलटवून पहिल्यातून तिसरे वजा करून निम्मे घेणारा −७.३ वर येतो, म्हणजे पुन्हा चुकीचे चिन्ह, आणि वर ‘दोनदा तपासले’ हे समाधान. करंट उलटवल्याने संपर्कांची भेसळ जात नाही, कारण करंटबरोबर भेसळही उलटते, अगदी हॉल व्होल्टेजसारखीच. ती फक्त क्षेत्र उलटवल्याने जाते. यात तडजोड नाही.

क्षेत्र उलटवताना त्याचे मूल्य दोन्ही दिशांना सारखे आहे का ते गॉसमीटरने प्रत्येक वेळी मोजा. चुंबकाचा करंट सारखा असणे पुरेसे नाही. कायमचा चुंबक असेल तर चुंबक फिरवा. ते शक्य नसेल तर चकती तारांसकट तिच्या लांबीच्या अक्षाभोवती अर्धा फेरा उलथी करा. मात्र कोणती तार कोणत्या संपर्काला आहे ते बदलायचे नाही. लाल तार ज्या संपर्काला होती तिथेच राहिली पाहिजे.

वाचन लहान वाटते म्हणून करंट वाढवण्याचा मोह होतो. वरच्या चकतीचा रोध सेंटिमीटरभर लांबीला सुमारे १३० ओहम आहे. ५ मिलिअँपिअरला तिच्यात ३ मिलिवॉट उष्णता तयार होते. करंट दहापट केला की उष्णता शंभरपट, म्हणजे तिसरा हिस्सा वॉट. इतक्या छोट्या तुकड्याला ती तापवायला पुरते, आणि चार वाचने घेईपर्यंत चकती तीच राहत नाही. चारही वाचनांनंतर पहिले पुन्हा घ्या. ते सरकले असेल तर करंट कमी करा.

वाहकांची संख्या मग एका ओळीत निघते:

```
p = I B / (q t V_H)
  = (0.005 × 0.3) / (1.6e-19 × 0.0005 × 0.0187)
  ≈ 1.0e21 प्रति घनमीटर
```

इथे जाडी `t` क्षेत्राच्या दिशेतली घ्यायची, रुंदी नव्हे. वाहकांच्या टकरींमुळे या आकड्यात दहा-वीस टक्क्यांचा, कधी त्याहूनही मोठा फरक असू शकतो, पण चिन्हावर त्याचा परिणाम नाही.

चिन्हाची स्वतंत्र पडताळणी करायची असेल तर मल्टिमीटरच्या लाल तारेचे टोक सोल्डरिंगच्या इस्त्रीने तापवून चकतीला टेकवा, काळे टोक थंडच ठेवा. गरम जागेवरचे वाहक थंड बाजूकडे पसरतात. इलेक्ट्रॉन निघून गेले तर गरम टोक धन होते, म्हणून धन वाचन म्हणजे एन-टाइप आणि ऋण म्हणजे पी-टाइप. हॉलच्या चिन्हाशी हे जुळले नाही तर आधी दिशा आणि तारा पुन्हा तपासा.

तरीही जुळत नसेल तर चकती तापली आहे का ते पाहा. गरम झालेल्या पी-टाइप जर्मेनियममध्ये उष्णतेने इलेक्ट्रॉन-होलच्या जोड्या सुटतात. इलेक्ट्रॉन होलपेक्षा सुमारे दुप्पट चपळ असतात आणि हॉल व्होल्टेजमध्ये या चपळाईचा वर्ग मोजला जातो, त्यामुळे होल अजून संख्येने चौपट असतानाच दोघांचे हॉल व्होल्टेज एकमेकांना खाऊन टाकते. वरच्या चकतीत हे साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास घडते. तिथे मीटर शून्य दाखवतो आणि त्यापुढे तीच पी-टाइप चकती ऋण चिन्ह देऊ लागते. म्हणून वहीत चिन्हाशेजारी तापमान लिहा, आणि शून्याच्या जवळचे वाचन आले तर ‘वाहक नाहीत’ असे न लिहिता चकती थंड करून चारही वाचने पुन्हा घ्या.