कर्जावर कीर्तन करताय? या चुका टाळा

सप्ताहात कर्जाचा विषय निघाला की महाराज हमखास सांगतात, तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. समोर बसलेला कर्जबाजारी त्यातून एवढंच घेतो की देवाची मर्जी झाली की कर्ज आपोआप फिटतं. पहिली चूक इथेच होते. तुकोबा कर्ज काढणारे नव्हते, त्यांच्या घरात महाजनकी होती. परंपरा सांगते की भावाच्या वाट्याची निम्मी खतं त्यांनी कान्होबांना दिली आणि स्वतःच्या वाट्याची बुडवली. म्हणजे ही गोष्ट सावकाराने ऐकायची आहे. आता तोच सावकार त्या दिवसाच्या पंगतीचा अन्नदाता असतो आणि शाल-श्रीफळही त्यालाच मिळतं, ही अडचण खरी. त्याचं नाव घेऊ नका, पण गोष्ट बोथटही करू नका.

दुसरी चूक लग्नखर्चावरून झापण्याची. दवाखाना, दुबार पेरणी, मुलाची फी यांसाठी काढलेलं कर्जही त्याच माराखाली येतं, आणि तो माणूस उद्यापासून मंडपात येत नाही.

तिसरी चूक मोठी आहे: हिशेब न सांगणं. ‘शेकडा पाच’ ऐकायला थोडं वाटतं, पण ते दर महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला साठ टक्के. पन्नास हजारांवर महिन्याला अडीच हजार. वीस महिन्यांत पन्नास हजार व्याज जातं आणि मुद्दल जागच्या जागी राहतं. शेतकऱ्याला विनातारण कर्ज देताना परवानाधारक सावकाराला वर्षाला बारा टक्क्यांची मर्यादा आहे. त्या हिशेबाने महिन्याला पाचशेच होतात. शिवाय २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, चक्रवाढही लावता येत नाही. म्हणून दिलेल्या प्रत्येक हप्त्याची तारीख वहीत लिहा, पावती मागा, पैसे शक्यतो खात्यातून पाठवा आणि कोऱ्या स्टॅम्पवर सही करू नका, हे कीर्तनात स्पष्ट सांगा.

‘पैसे फेडले की जमीन परत’ या तोंडी बोलीवर खरेदीखत करून दिलेली घरं गावोगाव आहेत. ‘सही केली, आता काय’ म्हणत ती गप्प बसतात. अशा व्यवहाराविरुद्ध पंधरा वर्षांच्या आत जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. तो व्यवहार सावकारीतलाच होता असं चौकशीत दिसलं तर खरेदीखत रद्द ठरवून जमीन परत द्यायचा आदेश ते देऊ शकतात. किंमत बाजारभावाच्या मानाने फारच कमी असणं, खरेदीनंतरही मूळ मालकानेच शेत कसणं, व्याज दिल्याच्या नोंदी, साक्षीदार, हे सगळं तिथे उपयोगी पडतं. नुसत्या तोंडी सांगण्यावर मात्र प्रकरण लंगडं पडतं.

आणि ‘कुणाकुणाचं कर्ज आहे, हात वर करा’ असं मंडपात कधीच म्हणू नका. कीर्तन संपल्यावर वीणेकऱ्याजवळ थोडा वेळ थांबा. ज्याला बोलायचं आहे तो चपला शोधण्याच्या निमित्ताने रेंगाळतो.