अ‍ॅक्काच्या स्लिपवरचा आकडा खरा धरताय? या चुका टाळा

एका मित्राचा अकरा लेगचा अ‍ॅक्का, म्हणजे अकरा सामन्यांचे अंदाज जोडून लावलेली एकच पैज, पूर्ण लागला. स्टेक १०० युनिट, एकूण ऑड्स २,४००, म्हणून स्लिपवर २,४०,००० दिसत होते. खात्यात जमा झाले ५०,०००. बुकीने लुबाडलं म्हणून गडी दोन दिवस तणतणत होता, मग नियमांचं पान आम्ही दोघांनी मिळून वाचलं. मोठ्या लीगना कमाल पेआउटची कॅप ५ लाख होती आणि तेवढीच त्याने आधी पाहिली होती. खालच्या दर्जाच्या सामन्यांना कॅप ५०,००० होती. त्याखालच्या ओळीत स्पष्ट लिहिलं होतं की एका स्लिपमध्ये वेगवेगळ्या कॅपचे लेग असतील, तर त्यातली सगळ्यात कमी कॅप अख्ख्या स्लिपला लागते.

त्याचे दहा लेग मोठ्या लीगचे होते. अकरावा होता कुठल्याशा युवा संघांचा सामना, ऑड्स १.६०, "हा तर खिशातच आहे" म्हणून शेवटी चिकटवलेला. तो घातला नसता तर १,५०० ऑड्सवर दीड लाख झाले असते आणि ते पाच लाखांच्या आत असल्याने पूर्ण मिळाले असते. म्हणजे आणखी एका सामन्याची जोखीम घेऊन त्याने स्वतःचे लाखभर कापून घेतले. तेव्हापासून मी प्रत्येक लेग कुठल्या कॅपच्या गटात बसतो ते आधी पाहतो. एकाच लेगमुळे कॅप खाली येत असेल, तर तो लेग स्वतंत्र लावतो किंवा सोडून देतो.

दुसरी चूक याच जातीची, फक्त ती हरलेल्या स्लिपमध्ये दडून राहते, म्हणून कुणाला दिसत नाही. समजा, बारा लेग, प्रत्येकी २.५ ऑड्स. गुणाकार होतो साधारण ५९,६००. स्टेक १० युनिट, म्हणजे कागदावर ५,९६,००० च्या आसपास. कॅप एक लाख असेल तर १० युनिटवर मिळणार जास्तीत जास्त एक लाख, म्हणजे तुमचे खरे ऑड्स फक्त १०,०००. जिंकण्याची शक्यता मात्र ५९,६०० वालीच राहिली!

प्रत्येक लेगमध्ये बुकीचं मार्जिन ५ टक्के धरलं, तर बारा लेगनंतर कॅप नसतानाही १० युनिटची सरासरी किंमत ५.६ च्या आसपास उरते. कॅप लागली की ती ०.९ वर येते. मुळातच तोट्याचा सौदा, त्यात हे. इथे भागाकार एवढाच करायचा: कॅप भागिले एकूण ऑड्स. एक लाख भागिले ५९,६०० म्हणजे साधारण १.६८ युनिट स्टेक. यापुढे लावलेल्या प्रत्येक पैशावर परतावा शून्य. हा भागाकार करायला दहा सेकंद लागतात, पण नवख्यांना बटण दाबायची घाई असते. कॅपमध्ये स्टेक धरलेला आहे की फक्त नफा, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

आता किमान ऑड्स. "पाच लेग, प्रत्येकी किमान १.२०, जिंकलात तर नफ्यावर ५ टक्के बोनस" अशी ऑफर आली की लोक चार चांगल्या लेगना पाचवा १.२० चा लेग जोडतात. चार लेग २.०० चे, म्हणजे १६. पाचव्यासह १९.२. नफा १८.२, त्यावर ५ टक्के ०.९१, एकूण २०.११. म्हणजे बोनसने परतावा सुमारे ४.७ टक्के वाढवला. त्या पाचव्या लेगमधलं ५ टक्के मार्जिन तेवढंच किंवा किंचित जास्तच खाऊन जातं. हातात काही नाही आणि हरायला एक सामना जास्त. बोनससाठी लेग वाढवू नये, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही एरवीही लावणारच होतात त्या पाच लेगवर तो मिळत असेल तर खुशाल घ्या.

त्यातही पाचवा लेग १.२० वर निवडला आणि "ऑड्स बदलले तरी स्वीकारा" चालू ठेवलं, तर स्लिप नोंदवली जाताना तो १.१८ होऊ शकतो आणि बोनस गेला. मी तो पर्याय बंदच ठेवतो. सामना रद्द झाला तरी तो लेग १.०० धरला जातो आणि मोजणीतून बाहेर पडतो, मग बोनस खालच्या टप्प्यावर येतो किंवा मिळतच नाही. बोनस बहुधा कॅपच्या आतच मोजतात, म्हणजे कॅपला टेकलेल्या स्लिपवर त्याची किंमत शून्य.

शेवटचं, हुशारांसाठी. कॅप चुकवायला एकच अ‍ॅक्का पाच स्लिपमध्ये तोडून लावायची शक्कल जुनी आहे. बऱ्याच ठिकाणी सारख्या स्लिप एकत्र धरून एकच कॅप लावतात, शिवाय ग्राहकाला दिवसाची वेगळी कॅप असते. तोडण्याआधी ते कलम शोधा.